‘सुगी’ म्हणजे काय? मसाल्याच्या नावाची अर्थटीप आणि टॅगलाइन लिहिताना काय काय लागलं

नाव ठरलं की सुटलो असं वाटतं, पण नाव ठरल्यावर दोन छोट्या गोष्टी लिहायच्या उरतात आणि त्याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. एक म्हणजे नावाचा अर्थ सांगणाऱ्या चार ओळी आणि दुसरी टॅगलाइन. दोन्ही मिळून पन्नासेक शब्द असतील, पण त्याला आमचे जवळजवळ दोन महिने गेले आणि शेवटी त्यातल्याच एका ओळीवरून ट्रेडमार्कच्या ऑफिसने हरकत पण काढली. ती कशी मिटली ते पुढे येईलच.

आमचा धंदा कांदा-लसूण मसाल्याचा. माझी थोरली जाऊ, त्यांना मी अक्का म्हणते, वाळवा तालुक्यात गावी असतात आणि मसाला तिथेच होतो. मी पुण्यात राहते, ऑर्डरी, हिशोब आणि कागदपत्रं माझ्याकडे. बरीच वर्षं ओळखीतच विकला, बिननावाच्या पिशवीत. मग दुकानात ठेवायचं ठरलं तेव्हा एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन केलं (आमची उलाढाल तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आत होती, अशांना तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती), आम्हा दोघींची भागीदारी फर्म केली, छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली जी फुकट होते, आणि जून 2024 मध्ये नाव ठरलं ‘सुगी’.

सांगली-कोल्हापूर भागातल्यांना, मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांना हा शब्द सांगावा लागत नाही. सुगी म्हणजे पीक काढायचा हंगाम. कानडीत पण सुग्गी आहे. पण पुण्यात मी ज्या दुकानदारांना नाव सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी ‘सुगंधी?’ असं विचारलं, एकाने तर ‘मुलीचं नाव का?’ म्हणून विचारलं. म्हणजे नाव छान पण पाकिटावर अर्थ लिहिल्याशिवाय चालणार नाही हे लगेच कळलं. नाव बदलायचा विचार मनात येऊन गेला, अक्का म्हणाल्या, “शब्द आपला हाय, लोकांना सांगूया की. न सांगताच कशाला बदलायचं?” तिथे विषय संपला.

जूनच्या शेवटी मी पहिला मसुदा लिहिला. चांगला पाऊण पानाचा झाला. त्यात आजेसासूबाई, उखळ, अंगणातली वाळवणं, मातीचा वास सगळं होतं आणि ते सगळं खरंही होतं. लेबल करणाऱ्या मुलीला पाठवला तर तिने 200 ग्रॅमच्या पाऊचच्या मागच्या बाजूचं डिझाइन पाठवलं आणि त्यात एक रिकामी चौकट दाखवली. घटक, वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, बेस्ट बिफोर, बॅच नंबर, एफएसएसएआय नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका, बारकोड हे सगळं बसवल्यावर तुमच्या गोष्टीला एवढीच जागा, साधारण सहा ओळी. वर मराठीत मात्रा, वेलांट्या, रफार असल्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. त्यामुळे माझा सल्ला हा की टीप लिहायच्या आधी डिझाइनरकडून ती रिकामी चौकट मागून घ्या. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायची असते, मराठी ही त्याच्यावर जास्तीची म्हणून चालते, म्हणजे जागा आणखी कमी होते हे धरून चाला.

सहा ओळी म्हणजे पस्तीस-चाळीस शब्द. आता यात काय ठेवायचं? मी आधी आठवणी ठेवून माहिती कापत होते. पुतण्याला वाचून दाखवलं, तो कॉलेजात शिकतो, तो म्हणाला, “काकी, छान आहे, पण सुगी म्हणजे काय ते कळलं नाही.” तेव्हा मी उलटीकडून सुरुवात केली. पहिलं वाक्य फक्त अर्थ, दुसरं वाक्य हा शब्द कुठला, आणि तिसरं, आमच्या मसाल्याचा या शब्दाशी काय संबंध. बाकी काही नाही. ही तीन वाक्यं जमली की आठवण आपोआप बाहेर जाते, तिची गरजच उरत नाही.

तिसऱ्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी लिहिलं होतं, ‘सुगीतल्या ताज्या मिरचीचा मसाला’. अक्कांना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अगं, दिवाळीला कुटतोय तवा कुठली आली ताजी मिरची?” आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे होतं असं की माघ-फाल्गुनात नवी मिरची बाजारात येते, तेव्हा संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून आणि रंगासाठी बेडगी अशी वर्षाची खरेदी एकदमच होते कारण तेव्हा माल चांगला मिळतो आणि भाव पण. ती परत उन्हं दाखवून ठेवतो, बरीचशी कोल्ड स्टोरेजला जाते कारण बाहेर ठेवली की पावसाळ्यात रंग उडतो आणि बुरशीची भीती. मग दर महिन्याला लागेल तेवढी काढून डंकावर कुटायची. म्हणजे मिरची सुगीची पण कुटलेला मसाला ज्या त्या महिन्याचा. ‘ताजी मिरची’ हे मार्चमध्ये खरं आणि नोव्हेंबरमध्ये खोटं. पाकीट मात्र बारा महिने तेच.

यानंतर मी एक पद्धत धरली, टीपेतलं प्रत्येक वाक्य श्रावणात खरं आहे का आणि दिवाळीत खरं आहे का असं विचारायचं. हंगामी मालाचं काम करणाऱ्या कुणालाही ही उपयोगी पडेल, गूळ असो, काजू असो, आंब्याचं काही असो.

त्याच सुमारास एफएसएसएआयचे जाहिरात आणि दाव्यांचे 2018 चे नियम वाचायला मिळाले. आमच्यासारख्यांनी ते वाचावेतच, कारण टॅगलाइन म्हणून आपल्या तोंडात पहिले जे शब्द येतात तेच नेमके त्यात आहेत. नॅचरल, फ्रेश, प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक असे शब्द ब्रँडच्या नावात असतील आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नाही’ अशा अर्थाची सूचना लेबलवर कमीत कमी 3 मिलिमीटर उंचीच्या अक्षरात छापावी लागते. ट्रॅडिशनल हा शब्द दाव्यात वापरायचा तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत आलेली असायला हवी अशी अट आहे. आणि होममेड सारख्या शब्दांनी चुकीचा समज होत असेल तर ते चालत नाहीत. आता आमच्या टॅगलाइनच्या यादीत काय होतं बघा: ‘शुद्ध घरगुती चव’, ‘परंपरेचा अस्सल मसाला’, ‘गावाकडची ताजी चव’. मराठीत लिहिलं म्हणून नियम बदलत नाही, अर्थ तोच निघतो. मसाला अक्कांच्या घरामागच्या शेडमध्ये होतो, डंक मोटारीवर चालतो, चार बायका कामाला येतात, याला घरगुती म्हणायचं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो शब्दच सोडला. ‘सांगलीची हळद’ असंही एका टॅगलाइनमध्ये होतं, तेही काढलं, कारण सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे आणि आमची हळद दरवेळी तिथलीच असते असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं.

यादीतले हे सगळे शब्द गेल्यावर हातात काहीच उरलं नाही असं वाटलं आणि मी आठवडाभर तो विषयच बाजूला ठेवला. खरंच निराश झाले होते. विशेषणं काढली तर मसाल्याबद्दल बोलायचं काय?

मग जे उरलं ते म्हणजे आम्ही करतो ती गोष्ट. मिरची वर्षातून एकदा घेतो आणि दर महिन्याला कुटतो. हे दुकानात सगळे जण करत नाहीत, बरेच जण उन्हाळ्यात एकदाच सगळं कांडप उरकतात कारण ते सोयीचं असतं, पण कुटलेल्या मसाल्याचा वास महिन्यागणिक उतरत जातो, अख्ख्या मिरचीचा तेवढा उतरत नाही. मी हे कागदावर साध्या वाक्यात लिहिलं आणि अक्कांना वाचून दाखवलं, त्यांनीच ते उलटसुलट करून म्हटलं आणि शेवटी झालं ते असं: ‘मिरची सुगीतली, कांडप दर महिन्याचं’.

मला ही टॅगलाइन का आवडते ते सांगते. यात एकही विशेषण नाही त्यामुळे कुणी हरकत घ्यायला काही नाही. नाव त्यातच आल्यामुळे ज्याला सुगी माहीत नाही त्याला पण थोडा अंदाज येतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ही ओळ गिऱ्हाइकाला तपासता येते, पाकीट उलटं केलं की पॅकिंगची तारीख दिसते. अर्थात याचा आमच्यावर भार पण आहे, एखाद्या महिन्यात कांडप झालं नाही तर जुना माल त्या महिन्याची तारीख घालून विकता येणार नाही, माल नाही असं दुकानदाराला सांगावं लागतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये पावसाने तसं झालं आणि आम्ही तसंच सांगितलं.

तोवर अर्थटीप पण बसली होती. पाकिटावर जशी छापली तशी देते:

“सुगी म्हणजे पीक काढणीचा हंगाम. आमच्या वाळवा भागात हा शब्द रोजच्या बोलण्यातला. माघ-फाल्गुनात नवी मिरची येते तेव्हाच आम्ही वर्षाची मिरची घेतो, साठवून ठेवतो आणि दर महिन्याला लागेल तेवढी डंकावर कुटतो.”

‘साठवून ठेवतो’ हे शब्द मला काढायचे होते, ऐकायला बरे वाटत नव्हते. अक्कांनी ठेवायला लावले. “लपवायचं काय त्यात? धान्य न्हाई का साठवत आपण?” आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांकडून सगळ्यात जास्त प्रश्न त्याच शब्दांवर येतात, कशी साठवता, किती दिवस टिकते, आणि त्यातून बोलणं सुरू होतं.

छापायच्या आधी टीप कशी तपासायची, तर मी ती पाच-सहा जणांना एकदाच वाचायला दिली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, सुगी म्हणजे काय? आवडली का असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी ज्यांना ‘हंगाम’ किंवा ‘पिकाचा सीझन’ आठवलं ते पास. पहिल्या मसुद्याला कुणालाच आठवत नव्हतं, याला एक सोडून सगळ्यांना आठवलं. आणि छपाईआधी एक कागदी प्रत खऱ्या मापात काढून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वाचून बघा. आमच्या लेबलवर ‘कांडप’ वरचा अनुस्वार लाल रंगात बुडाला होता आणि ते ‘काडप’ वाचलं जात होतं, तो स्क्रीनवर अगदी व्यवस्थित दिसत होता. लेबलचं डिझाइन 3,500 रुपये आणि स्टिकरचे पहिले हजार नग सव्वातीन रुपये दराने.

आता ट्रेडमार्क. हे जुलैच्या शेवटी सुरू केलं. आमच्याकडे उद्यमचं सर्टिफिकेट असल्याने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये पडली, नाहीतर 9,000 असते. वकिलांचे 3,000 वेगळे. मसाले, हळद, पीठं हे वर्ग 30 मध्ये येतं, लोणचं मात्र 29 मध्ये, त्यामुळे पुढे लोणचं करायचं असेल तर वेगळी फी. नाव शोधताना सार्वजनिक सर्चमध्ये एकच स्पेलिंग टाकून थांबू नका, SUGI, SUGGI, SUGEE, SUGHI असे सगळे प्रकार टाका आणि उच्चारावरून शोधायचा जो फोनेटिक पर्याय आहे तो पण वापरा, कारण तपासणारे उच्चार बघतात.

अर्जाचा फॉर्म TM-A. त्यात नाव इंग्रजी किंवा हिंदीखेरीज दुसऱ्या लिपीत असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थ द्यावा लागतो, आणि भाषा कुठली ते. मराठीची लिपी हिंदीचीच, पण वकील म्हणाले तरीही भराच, नाहीतर तपासणारा आपल्या मनाने अर्थ लावेल. इथेच आपली अर्थटीप दुसऱ्यांदा लागते आणि इथे ती वेगळी लिहावी लागते. मी पाकिटावरचीच टीप इंग्रजी करून पाठवणार होते, वकिलांनी सांगितलं फक्त शब्दाचा अर्थ द्या, पीक काढणीचा हंगाम, भाषा मराठी, बस्स. मालाबद्दल एक शब्दही नको. कारण ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9(1)(ब). मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग, ठिकाण किंवा तो तयार झाल्याचा काळ एवढंच सांगणारं नाव एकट्याच्या मालकीचं होत नाही. आपण उत्साहाने अर्जात लिहिलं की सुगी म्हणजे नव्या मिरचीचा मसाला, तर आपणच लिहून दिल्यासारखं झालं की हे नाव वर्णन करणारं आहे.

म्हणजे एकाच नावाच्या दोन टिपा, गिऱ्हाइकाची आणि अर्जाची. दोन्ही खऱ्या आणि दोन्हींत अर्थ एकच. फक्त अर्जातली तिथेच थांबते.

टॅगलाइन अर्जात घालायची का यावर पण बोलणं झालं. घातली नाही. कारण एकदा अर्ज गेला की चिन्हात महत्त्वाचा बदल करता येत नाही, आणि टॅगलाइन बदलायची वेळ कधीतरी येणारच. आम्ही काळ्या साध्या अक्षरात ‘सुगी’ आणि खाली SUGI एवढंच चित्र दिलं, रंग मुद्दाम दिला नाही, रंगाची मर्यादा घातली नाही तर नोंद सगळ्या रंगांसाठी धरली जाते. अर्ज 9 ऑगस्ट 2024 ला गेला आणि त्या दिवसापासून नावाशेजारी ™ लावलं. ® मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचं नाही, तो गुन्हा धरतात.

मग वाट बघणं. ऑक्टोबरमध्ये तपासणी अहवाल आला आणि त्यात हरकत होती, कलम 9(1)(ब) चीच. हंगाम म्हणजे माल तयार झाल्याचा काळ, म्हणून नाव वर्णनात्मक. ते वाचून माझे हातपाय गळाले, हजार लेबलं छापून झालेली. उत्तराला 30 दिवस असतात, अहवाल मिळाल्यापासून. वकिलांनी उत्तराचे 2,500 घेतले आणि मुद्दा तसा साधाच होता: पीक काढलं जातं ते शेतात, मसाला पिकत नाही, तो कुटून तयार होतो आणि तो वर्षभर होतो. सुगी हा मसाला तयार होण्याचा काळ नव्हेच, त्या शब्दावरून मसाल्यापर्यंत पोचायला वाचणाऱ्याला मधे विचार करावा लागतो. पुरावा म्हणून वेगवेगळ्या महिन्यांच्या बॅच नोंदी आणि पाकिटाचे फोटो जोडले, ज्यात टॅगलाइन ‘कांडप दर महिन्याचं’ आणि खाली तारीख. म्हणजे अक्कांनी ‘ताजी मिरची’ खोडायला लावली त्याचा इथे सरळ उपयोग झाला, तेच पाकिटावर असतं तर आमचाच फोटो आमच्याविरुद्ध गेला असता.

सुनावणी लागली नाही. मार्च 2025 मध्ये स्टेटस बदलून Accepted & Advertised दिसलं, म्हणजे ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. तिथून चार महिने कुणालाही विरोध करता येतो, त्या काळात मी रोज स्टेटस बघायचे, तुम्ही बघू नका, आठवड्यातून एकदा पुरतं. विरोध आला नाही आणि सप्टेंबरमध्ये सर्टिफिकेट मिळालं, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरण. सरकारी फी आणि वकिलांचं मिळून दहा हजार लागले, लेबलचा खर्च वेगळा.

या दिवाळीपासून मेतकूट सुरू करतोय. त्यात मिरची नावापुरती, सगळी डाळी-तांदळाची भाजणी, त्यामुळे ही टॅगलाइन त्यावर चालत नाही. अर्थटीपेतली पहिली दोन वाक्यं तशीच राहतील, तिसरं नवीन लागेल. अक्का म्हणतायत की आधी हरभरा कधी घेतो आणि कुठनं घेतो ते वर्षभर लिहून ठेवू, मग लिहू. तोपर्यंत मेतकुटाच्या पाकिटावर टॅगलाइनची जागा रिकामी ठेवलीय.